पंजाबी : भाषा एक, लिप्या दोन

भारतातील पंजाबी गुरुमुखीत डावीकडून उजवीकडे लिहितात. पाकिस्तानातील पंजाबी शाहमुखीत, म्हणजे उर्दूच्या वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. एकमेकांचे बोलणे कळते, पण लिहिलेले बहुतेकांना वाचता येत नाही. दोघांसाठी एकच मजकूर द्यायचा तर लिप्यंतर करावे लागते, आणि ते दिसते तितके सरळ नाही.

'दिल' हा शब्द घ्या. गुरुमुखीत द, त्याला ऱ्हस्व इकार आणि ल. शाहमुखीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे दाल आणि लाम ही दोनच अक्षरे उरतात. 'दल' (पक्ष) हा शब्दही हुबेहूब तसाच दिसतो. माणूस वाक्यावरून ओळखतो. प्रोग्रॅमला शेजारचे शब्द तपासावे लागतात. (आपल्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराला एकच खूण, पण निदान खूण तरी असते!)

उलट दिशेला अडचण वेगळी आहे. सिर, सबर, साबत या तिन्हींत गुरुमुखीचा एकच स. शाहमुखीत मात्र अनुक्रमे सीन, साद आणि से. उच्चार सारखाच असल्याने इथे नियम चालत नाही, शब्दसूचीच लागते.

लिपी बदलली तरी शब्दांचा प्रश्न उरतो. भारतात 'इतिहास' लिहितात, पाकिस्तानात 'तारीख'. मराठीत तारीख म्हणजे दिनांक. तिकडे दोन्ही अर्थ चालतात. विद्यार्थ्याला तिकडे 'तालिब इल्म' म्हणतात. असे शब्द नुसते लिप्यंतरित केले तर वाचता येतील, कळतीलच असे नाही. म्हणून 'किताब', 'अखबार' असे दोन्हीकडचे शब्द आधी निवडा, आणि 'इतिहास' पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'तारीख' द्या.