प्राध्यापकांना पत्र, आणि सोबत एक खराब कास्टिंग

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीवाल्याला कास्टिंग ओततानाच बिघडल्याचं फारसं दुःख नसतं. ते फोडून पुन्हा भट्टीत टाकता येतं. वरून ठणठणीत दिसणारं कास्टिंग मशिनवर चढतं, दोन मिलिमीटर थर निघतो आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, तेव्हा त्याचा जीव जातो. ओतण्याचा खर्च गेला, मशिनिंगचा गेला आणि गिऱ्हाइकाची तारीखही गेली.

असा मालक बहुधा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एखाद्या ओळखीच्या सरांकडे जातो. सरांना विषय कळतो, पण महाविद्यालयात लागणारी उपकरणं नसतात. मग मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेतल्या धातुशास्त्राच्या प्राध्यापकांना मेल जाते: 'आमच्या परिसरातील फाउंड्री उद्योगाच्या समस्यांवर आपल्या संस्थेसोबत संयुक्त संशोधन करण्याची इच्छा आहे, कृपया मार्गदर्शन करावे.' या मेलला उत्तर येत नाही. आम्ही त्यांना गर्विष्ठ म्हणतो, पण मेलमध्ये उत्तर देण्यासारखं होतं तरी काय? प्रश्नच विचारलेला नाही.

प्रश्न तयार करणं हे विचारणाऱ्याचं काम, आणि त्यातलं बरंचसं गावातच होतं. समजा, पंपाच्या बॉडीचं एफजी 260 प्रतीचं बिडाचं कास्टिंग आहे आणि रिजेक्शन 3 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेलंय. आधी भोक भिंगाखाली बघायचं. आतली बाजू खडबडीत असेल, झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक दिसत असतील, तर तो आकुंचनाचा दोष. राइझर आणि गेटिंग तपासायचं, त्यासाठी परगावच्या कुणालाच त्रास द्यायला नको. आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर वायूचा दोष. आता वायू कोणता? हायड्रोजन बहुधा ओलाव्यातून येतो आणि त्याची भोकं गोलसर असतात. नायट्रोजनची भोकं बऱ्याचदा लांबट, चिरेसारखी, पृष्ठभागाला काटकोनात असतात. आकारावरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही.

खात्रीकडे नेणारी दुसरी वस्तू म्हणजे फाउंड्रीचं रजिस्टर. प्रत्येक खराब नग कोणत्या हीटचा, कोणत्या तारखेचा, त्या दिवशी भट्टीत काय-काय टाकलं, हे एका कागदावर शेजारी-शेजारी मांडायचं. समजा, त्यातून असं दिसलं की रिजेक्शन मार्चमध्ये वाढलं. म्हणजे पावसाळ्याचा, ओल्या वाळूचा संशय मागे पडला. त्याच महिन्यात पिग आयर्न महाग पडतं म्हणून स्टील स्क्रॅपचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं होतं आणि कार्बन भरून काढायला स्वस्त कार्बुरायझर आणला होता. या दोन्हींतून नायट्रोजन येऊ शकतो. तो कोअरच्या रेझिनमधूनही येतो. पण कोअर नसलेल्या दुसऱ्या एका कास्टिंगमध्येही तशीच भोकं निघाली, म्हणून रेझिन यादीत शेवटी गेलं.

इथवर आलं की गावातली साधनं संपतात. फाउंड्रीतला स्पेक्ट्रोमीटर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस झटकन सांगतो, पण नायट्रोजनच्या आकड्यासाठी त्याच्यावर सहसा विसंबता येत नाही. त्यासाठी तुकडा निष्क्रिय वायूत वितळवून मोजणारं वेगळं यंत्र लागतं.

पण नुसता आकडा हवा असेल तर सहकार्य मागूच नये. शुल्क भरून चाचणी करून घ्यावी. बहुतेक मोठ्या संस्थांत त्याची रीतसर सोय असते. माझ्या मते अशी बरीच पत्रं इथेच फसतात: चाचणी हवी असते आणि मागितलं जातं संशोधन. संशोधकाला त्याच्या आवडीचा प्रश्न पुढच्या पायरीवर सापडतो. नायट्रोजन पूर्ण घालवायचाही नसतो, कारण थोडा नायट्रोजन बिडाची ताकद वाढवतो. त्रास साधारण 100 पीपीएमच्या आसपास सुरू होतो आणि तोही कास्टिंगच्या जाडीवर अवलंबून असतो. किंचित टायटॅनियम घातलं तर ते नायट्रोजनला बांधून ठेवतं, पण त्यातून तयार होणारे कठीण कण मशिनवरच्या टूलची धार खातात. म्हणजे भोकं थांबली तर मशिनवाला ओरडतो. या जाडीच्या, या चार्जच्या कास्टिंगला किती टायटॅनियम पुरे आणि किती जास्त? याचं उत्तर आयतं मिळत नाही, आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल एवढा हा विषय आहे.

मेल प्रत्यक्षात इंग्रजीतच जाते. आशय साधारण असा असावा:

'आदरणीय मॅडम, बिडातल्या वायुदोषांवरचा आपला लेख वाचला. आमच्या भागातल्या एका फाउंड्रीत पंपाच्या बॉडीत मशिनिंगनंतर सूक्ष्म भोकं दिसतात. स्क्रॅपचं प्रमाण वाढवल्यापासून रिजेक्शन 3 वरून 11 टक्क्यांवर गेलं आहे. आकुंचन, वाळूचा ओलावा आणि कोअर ही कारणं आम्हाला कमी संभवनीय वाटतात. त्यामागची नोंद सोबतच्या एका पानावर आहे. संशय नायट्रोजनवर आहे. जुन्या आणि नव्या चार्जचे प्रत्येकी तीन तुकडे आम्ही पाठवू शकतो. चाचण्यांचं शुल्क फाउंड्री भरेल. नायट्रोजन निघाला, तर टायटॅनियमच्या प्रमाणावर आपल्या विद्यार्थ्यासह काम करावं असा विचार आहे. चाचणीसाठी हीट ओतून द्यायला मालक तयार आहेत. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

यात वाचणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येतं. लेखाचा उल्लेख मात्र लेख खरोखर वाचला असेल तरच करावा. पहिल्या फोनमध्येच कळतं.

'हो' आलं की तीन गोष्टी आधी लेखी ठरवाव्यात. पहिली, गुप्तता: कास्टिंगचं ड्रॉइंग बऱ्याचदा फाउंड्रीचं नसून गिऱ्हाईक कंपनीचं असतं, तेव्हा पूर्ण नग न पाठवता कापलेला तुकडा पाठवावा आणि मालकाची लेखी परवानगी घ्यावी. दुसरी, पैसा: काम सल्ला म्हणून होणार की प्रकल्प म्हणून, ते संस्थेच्या कार्यालयामार्फत ठरतं. आयआयटी मुंबईत हे काम आयआरसीसी नावाचं केंद्र बघतं. सल्ल्याच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो मालकाला सुरुवातीलाच सांगावा. तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. विद्यार्थ्याला प्रबंध आणि पेपर लागतो, मालकाला वाटतं शेजारच्या फाउंड्रीला कळू नये. पेटंट घेण्यासारखं काही निघणार असेल तर पेपर छापण्याआधी अर्ज झाला पाहिजे, कारण आधी छापलं की नावीन्याचा दावा बहुतेक वेळा गेलाच. तात्पुरता अर्ज केला तर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. तेवढी उसंत दोघांनाही पुरते.

उत्तर नाहीच आलं, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. नंतर 'आपल्याला जमत नसेल तर दुसरं कुणी सुचवाल का' एवढंच विचारावं. परीक्षांच्या दिवसांत लिहू नये. विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठरण्याच्या आधीचे आठवडे बरे.

फाउंड्रीवाल्यांना एक विनंती. रिजेक्ट नग लगेच वितळवू नका. प्रत्येक खराब हीटचे दोन-तीन नग बाजूला काढा, हीट नंबर आणि तारीख पक्क्या रंगात लिहा, तेल-पाणी लागू न देता कोरड्या जागी ठेवा. भोकाची आतली बाजू गंजली की सूक्ष्मदर्शकाखाली गंजच दिसतो, आणि मग कितीही मोठ्या संस्थेतले प्राध्यापक तुम्हाला फारसं काही सांगू शकत नाहीत.