उताऱ्यातून टिपण: काय गाळायचे, काय राखायचे

सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी कोअर पेपरात एक प्रश्न असा असतो, की त्याचे सगळे उत्तर समोर छापलेले असते आणि तरीही मुलांचे गुण जातात. 200 ते 250 शब्दांचा एक उतारा देतात. त्यावरून मथळे, उपमुद्दे आणि लघुरूपे वापरून टिपण काढायचे आणि मग 50 शब्दांपर्यंत सारांश लिहायचा. टिपणाला 5 गुण, सारांशाला 3. टिपणाच्या पाच गुणांपैकी शीर्षकाला 1, क्रमांक घालून उपमुद्दे आत सरकवून लिहिण्याला 1, लघुरूपांच्या सूचीला 1 आणि प्रत्यक्ष मुद्द्यांना 2. मांडणी चोख असेल, तर निम्म्याहून अधिक गुण तिथेच मिळतात. उरलेले दोन मात्र उतारा किती समजला यावर ठरतात आणि खरी अडचण तिथेच येते.

परीक्षेतला उतारा इंग्रजी असतो, पण टिपण काढण्याची रीत भाषेवर अवलंबून नाही. म्हणून लोणार सरोवराबद्दलचा हा छोटा मराठी उतारा घेऊ.

“बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या खड्ड्यात आहे. हा खड्डा ज्वालामुखीमुळे झाला, असे पूर्वी अनेक अभ्यासक मानत. पुढे तिथल्या खडकात प्रचंड दाबाच्या खुणा सापडल्या आणि तो उल्कापाताने झाला हे मान्य झाले. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. काठावर मात्र गोड्या पाण्याचा झरा आहे. सरोवरात शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढतात. हा परिसर आता अभयारण्य आहे. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे तपासणीत दिसले. कमी पाऊस आणि उष्णता यांमुळे पाण्यातले क्षार वाढले असावेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा समावेश रामसर यादीत झाला.”

पहिल्या वाचनात पेन्सिल उचलायची नाही. लेखक कशाकशाबद्दल बोलतो आहे, एवढेच पाहायचे. इथे चार विषय निघतात: खड्डा, पाणी, गुलाबी रंग आणि संरक्षण. हेच चार मथळे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य यांपैकी कोणाच्या घरात जाते ते ठरवायचे. बरेच विद्यार्थी इथेच चुकतात, कारण ते उताऱ्याच्या क्रमाने लिहीत जातात. अभयारण्य आणि रामसर यादी ही दोन वाक्ये उताऱ्यात दूरदूर आहेत, पण विषय एकच, संरक्षणाचा. उलट गुलाबी पाणी आणि रामसर यादी शेजारी आली आहेत ती केवळ साल एक म्हणून. उतारा काळाच्या ओघात चालतो, टिपण विषयाप्रमाणे बसते. तयार टिपण असे दिसेल:

लोणार सरोवर: उगम आणि वेगळेपण

1. खड्ड्याचा उगम
  1.1 व्यास सु. 1.8 किमी
  1.2 आधीचा समज: ज्वा.मु.
  1.3 मान्य कारण: उल्कापात
    1.3.1 पुरावा: खडकात प्रचंड दाबाच्या खुणा

2. पाणी व जीवसृष्टी
  2.1 सरो.: खारे, अल्क. पाणी
  2.2 काठ: गोड्या पाण्याचा झरा
  2.3 सरो.त शेवाळ, सू.जी.

3. गुलाबी रंग (जून 2020)
  3.1 कारण: क्षारप्रिय सू.जी.
  3.2 बहुधा ↓ पाऊस, उष्णता → ↑ क्षार

4. संरक्षण
  4.1 परिसर अभयारण्य
  4.2 रामसर यादी (नोव्हें. 2020)

सूची: सु. – सुमारे, ज्वा.मु. – ज्वालामुखी, सरो. – सरोवर, अल्क. – अल्कधर्मी, सू.जी. – सूक्ष्मजीव, नोव्हें. – नोव्हेंबर, ↓ – कमी, ↑ – वाढ, → – परिणाम.

यात एकही पूर्ण वाक्य नाही. “तो उल्कापाताने झाला हे मान्य झाले” याचे “मान्य कारण: उल्कापात” झाले. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शेपूट छाटले की बराचसा भार उतरतो. सीबीएसईच्या गुणदानाच्या सूचनांत पूर्ण वाक्यांना टिपण मानू नये आणि तशा उत्तराचे अर्धा ते एक गुण कापावेत, असे सांगितलेले असते. त्याच सूचनांत क्रमांकाच्या पद्धतीला मोकळीक आहे: 1.1 लिहा किंवा अ, आ लिहा, पण शेवटपर्यंत तीच पद्धत राहिली पाहिजे. शीर्षक आणि मुद्देही नमुना उत्तराशी जुळलेच पाहिजेत असे नाही. उतारा समजल्याचे त्यातून दिसले की पुरते.

छाटणी करताना काही चिमुकले शब्द मात्र हात लावण्याजोगे नसतात. 3.2 मधले “बहुधा” पाहा. उताऱ्यात क्षार “वाढले असावेत” असे आहे. “असावेत” हे क्रियापद गेल्यावर त्यातली शंका “बहुधा”ने धरून ठेवली. तो शब्द गाळला, की लेखकाचा अंदाज विद्यार्थ्याच्या वहीत सिद्ध झालेली गोष्ट बनतो. तसेच 1.2 मधले “आधीचा समज”. ते शब्द नसते, तर एकाच खड्ड्याला ज्वालामुखी आणि उल्कापात अशी दोन कारणे होऊन बसली असती. “नाही”, “फक्त”, “पण”, “सुमारे” यांचेही असेच आहे. विशेषणे, उदाहरणांची लांबण, पुन्हा सांगितलेली गोष्ट यांवर खुशाल काट मारावी. वाक्याचा अर्थ फिरवणाऱ्या शब्दांवर मारू नये. इंग्रजी उताऱ्यात “मे”, “नॉट”, “ओन्ली” हे शब्द असेच जपायचे.

लघुरूपांचाही एक नियम सांभाळावा लागतो. एखादा शब्द पुन्हा येत असेल किंवा लांब असेल, तरच तो तोडावा आणि तोडल्यावरही ओळखू यावा. “सू.जी.” चालते, कारण सूक्ष्मजीव टिपणात दोनदा आले आहेत. “किमी” सर्वांना माहीत असल्याने सूचीत घालायची गरज नाही. पण “क्षारप्रिय”चे “क्ष.” केले, तर दोन दिवसांनी लिहिणाऱ्यालाच त्याचा अर्थ लागणार नाही. मथळा कधीच तोडू नये. सूचीतली प्रत्येक खूण टिपणात वापरलेली असावी. वेळ संपत आली, की काही मुले पाठ केलेली पाच-सहा लघुरूपे सूचीत उतरवून मोकळी होतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळते.

मथळ्याखाली एकच उपमुद्दा उरला, तर बहुधा तो मथळाच चुकलेला असतो. वरच्या उताऱ्यात अभयारण्याचे वाक्य नसते, तर “संरक्षण” हा वेगळा मथळा न करता रामसर यादीची नोंद दुसऱ्या मथळ्यात घेतली असती आणि त्याचे नाव “पाणी, जीवसृष्टी व संरक्षण” केले असते.

टिपण जमले की नाही, हे सारांश लिहिताना कळते. मूळ उतारा हाताने झाकावा आणि फक्त टिपण पाहून लिहावे: “बुलडाण्यातले लोणार सरोवर उल्कापाताने झालेल्या खड्ड्यात आहे. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले. हा परिसर अभयारण्य असून सरोवर रामसर यादीत आहे.” हे लिहिताना “बुलडाणा” शोधायला उताऱ्याकडे नजर गेली, म्हणजे तो टिपणात राहून गेला आहे. वरच्या टिपणात तो खरोखरच नाही. त्याची जागा पहिल्या मथळ्यात, व्यासाच्या आधी: “1.1 स्थान: बुलडाणा जि.”. पुढचे क्रमांक एकेकाने सरकतील आणि सूचीत “जि. – जिल्हा” वाढेल.