‘आज जमणार नाही’ कसं कळवावं

समजा, डोंबिवलीची एक मुलगी आणि माहीमचा एक मुलगा. डेटिंग अ‍ॅपवर ओळख झाली, आठवडाभर गप्पा झाल्या, नंबरही दिले-घेतले. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता दादरला, शिवाजी पार्कजवळच्या कॅफेत पहिल्यांदा भेटायचं ठरलं. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मुलाच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र इथेच राहू द्या. साडेतीन वाजले आहेत आणि मुलाला आता आठवतंय की सहा वाजता कुणीतरी आपली वाट बघणार आहे.

त्याच्या डोक्यात ‘सहा’ हा आकडा आहे, म्हणून त्याला वाटतं अजून अडीच तास हातात आहेत. आधी रिपोर्ट येऊ देत, मग कळवू. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. भेटीची वेळ सहाची असली तरी डोंबिवलीहून रिक्षा, लोकलचा तासभर, दादरला उतरून पुन्हा चालणं हे सगळं धरलं तर तिला पावणेपाचच्या आत घर सोडावं लागेल. तयारीला ती चारलाच लागेल. घरी काहीतरी कारण सांगितलं असेल, एखाद्या मैत्रिणीला ‘मी इथे इथे जातेय’ असं कळवूनही ठेवलं असेल. म्हणजे निरोप द्यायची खरी मुदत चार वाजेपर्यंतच आहे. समोरच्याने घर सोडायच्या वेळेपासून मागे मोजायचं, भेटीच्या वेळेपासून नव्हे. रिपोर्टची वाट बघण्यातही अर्थ नाही, कारण रिपोर्ट चांगला आला तरी तो आज हॉस्पिटल सोडून जाणार नाही.

आता लिहायचं काय? घाबरलेला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘हाय, बिझी आहेस का? एक सांगायचं होतं’ असं पाठवून उत्तराची वाट बघत बसतो. ती अंघोळीला गेलेली असते आणि वीस मिनिटं वाया जातात. नाहीतर तीन वाजल्यापासूनची सगळी हकिगत लिहितो आणि ‘येऊ शकत नाही’ हे वाक्य अगदी शेवटी येतं. मोबाइलच्या पडद्यावर नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. मेसेज उघडला नाही तरी जे दिसेल, त्यातच मुख्य बातमी असायला हवी. मी असा मेसेज लिहीन:

‘आज सहाला यायला जमणार नाही, सॉरी. बाबांच्या छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये आणलंय, रात्री मी इथेच आहे. तू निघू नकोस. मला तुला भेटायचं आहेच. पुढच्या शनिवारी सहाला किंवा रविवारी सकाळी अकराला, त्याच कॅफेत जमेल का? आत्ता घाई नाही, उद्या संध्याकाळी मी मेसेज करतो.’

यात कारण एका वाक्यात आहे आणि तेवढं पुरतं. कारण अगदी खासगी असेल तर ‘घरी अचानक अडचण आलीय, भेटल्यावर सांगेन’ एवढंही चालतं. खोटं कारण मात्र अजिबात देऊ नये. ‘ताप आलाय’ म्हणणारा माणूस रात्री मित्राच्या इन्स्टाग्राम स्टोरीत हसताना दिसतो, आणि मग पुढचं सगळंच संपतं. माफीही एकदाच. पाच वेळा सॉरी लिहिलं की समोरच्या माणसावर आपलं सांत्वन करायचं काम येऊन पडतं, आणि इथे संध्याकाळ तर तिची मोडली आहे.

मेसेजमधला सर्वांत वजनदार भाग आहे तो नव्या दिवसाचा. जुन्या मित्राने ‘पुन्हा कधीतरी’ म्हटलं तर आपण ते मनावर घेत नाही, कारण त्याची आपल्याला पारख असते. पहिल्या भेटीआधी अशी पारख नसते. तिला माहीत असलेलं एवढंच, की ऐन दिवशी समोरचा आला नाही. ‘पुन्हा कधीतरी भेटू’ हे तिला नकारासारखंच वाटणार, आणि त्यात तिची चूक नाही. ज्याने भेट मोडली त्यानेच वार, वेळ आणि जागा सुचवायची. पर्याय दोन द्यावेत, म्हणजे तिला नुसतं निवडायचं उरतं. मात्र रविवार सुचवताना मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्यावा. तो आधी जाहीर होतो, त्यामुळे ऐनवेळी ‘मेगाब्लॉकमुळे जमलं नाही’ हे कारण कुणाला पटत नाही.

मेसेज पाठवला म्हणजे पोचला असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच करडी टिक असेल तर तो तिच्या फोनपर्यंत गेलेलाच नाही. दोन करड्या म्हणजे पोचलाय, निळ्या म्हणजे वाचलाय. पण अनेकांनी निळ्या टिका बंद केलेल्या असतात, म्हणून खरी खात्री उत्तरानेच होते. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर नाही आणि तिची निघायची वेळ जवळ आलीय, तर सरळ फोन करावा. एरवी न विचारता फोन करणं बऱ्याच जणांना आवडत नाही, पण माणूस लोकलमध्ये चढण्यापेक्षा एक अनपेक्षित फोन बरा. आणखी एक बारकावा: पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण दुरुस्तीचं नवं नोटिफिकेशन जात नाही. वार किंवा वेळ चुकून लिहिली गेली असेल तर दुरुस्त करत बसू नये, नवा मेसेज टाकावा.

पुष्कळ मुली पहिल्या भेटीआधी नंबर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी अ‍ॅपवरच आधी ठरवून ठेवावं की दोघांनी घरून निघण्यापूर्वी एकमेकांना ‘निघतोय’, ‘निघतेय’ असा मेसेज टाकायचा. तो आला नाही तर कुणीच निघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मेसेज गेलाच पाहिजे, मग तो ‘बाबा ठीक आहेत, उद्या घरी सोडतील. शनिवार जमेल ना?’ एवढा छोटा का असेना. भेट पुढे ढकलणारे बरेचजण इथे घसरतात. कळवल्यामुळे ओझं उतरतं आणि पुढचा धागा हातातून सुटतो. दुसऱ्यांदाही मोडायची वेळ आली तर आपण नवा दिवस सुचवू नये. ‘दोनदा माझ्यामुळे राहिलं. आता तुला वाटलं तर तू दिवस सांग, मी जमवतो’ असं लिहावं आणि मागे लागू नये.

विवाहमंडळातून किंवा नातेवाइकांमार्फत ठरलेल्या भेटीत थोडा फरक आहे. तिथे भाषा ‘तुम्ही’ची असते आणि निरोप दोन घरांमधून फिरतो. आईने त्यांच्या आईला फोन केला तरी मुलाने किंवा मुलीने समोरच्याला स्वतः दोन ओळी लिहाव्यात. नाहीतर ‘मुलाचीच इच्छा दिसत नाही’ असा अर्थ निघतो आणि तो मग निस्तरता येत नाही.

आणि भेटायचंच नसेल तर? त्यासाठी वडिलांना आजारी पाडू नये. अडचणीचं कारण दिलं की समोरचा माणूस चांगल्या मनाने पुढची तारीख विचारतो, आणि मग दुसरं खोटं शोधावं लागतं. तिथे असं लिहावं: ‘शनिवारी भेटायचं ठरलं होतं, पण मी येणार नाही. बोलून छान वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही. तुझी संध्याकाळ अडकून राहू नये म्हणून आजच सांगतेय.’ यावर ‘का?’ असं विचारलं गेलं तर ‘आपलं जुळेल असं वाटलं नाही’ एवढं एकदाच सांगावं. दिसण्यातले, बोलण्यातले दोष काढत बसू नये. समोरून धमकी, शिवी किंवा सतत फोन सुरू झाले तर उत्तर द्यायचं कसलंही बंधन नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवावा, ब्लॉक करावं आणि अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी.