कागदावर ७.२०, मीटरवर ६.८६

पीएच मीटर जुळवायला वापरतात ते ६.८६चं फॉस्फेट बफर तुमच्यापैकी अनेकांनी हाताळलं असेल. आज त्याच बाटलीचं गणित करून पाहू.

हे बफर करताना एक किलो पाण्यात KH₂PO₄ आणि Na₂HPO₄ हे दोन क्षार प्रत्येकी ०.०२५ मोल घालतात. पहिल्यातून H₂PO₄⁻ हे आम्ल मिळतं आणि दुसऱ्यातून त्याची आम्लारी जोडी HPO₄²⁻. पुस्तकातलं सूत्र म्हणतं, दोघांची संहती सारखी असेल तर पीएच म्हणजेच pKa. २५ अंश सेल्सिअसला हा pKa आहे ७.२०. मग मीटर ६.८६ का दाखवतो?

वजन चुकलेलं नाही, मीटरही बिघडलेला नाही. आपण संहती थेट सूत्रात घातली, तिथे गडबड झाली. द्रावणात प्रत्येक ऋण आयनाभोवती धन आयनांची थोडी जास्त दाटी होते. या दाटीमुळे तो आयन स्थिरावतो आणि समतोलात त्याचा प्रभाव संहतीपेक्षा कमी पडतो. या प्रभावी संहतीला क्रियाशीलता म्हणतात. संहतीला ज्या आकड्याने गुणल्यावर ती मिळते, तो क्रियाशीलता गुणांक.

दाटी किती, हे आयनिक तीव्रता सांगते. प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या प्रभाराचा वर्ग, या सगळ्यांची बेरीज करून निम्मी करायची. इथे K⁺चे ०.०२५, H₂PO₄⁻चे ०.०२५, Na⁺चे ०.०५ आणि HPO₄²⁻चे ०.०२५ गुणिले ४, म्हणजे ०.१. बेरीज ०.२, निम्मे ०.१.

आता डेव्हिसचं समीकरण वापरलं, की H₂PO₄⁻चा गुणांक सुमारे ०.७८ येतो आणि HPO₄²⁻चा फक्त ०.३७. दुहेरी प्रभाराला चौपट फटका बसतो, कारण गुणांकाच्या लॉगमध्ये प्रभाराचा वर्ग असतो. म्हणजे संहती सारखी असली, तरी आम्लारीचा प्रभाव आम्लाच्या निम्म्याहूनही कमी. या गुणोत्तराचा लॉग उणे ०.३२, म्हणून पीएच ६.८८. मीटरच्या अगदी जवळ! हायड्रोजन आयनासाठी वेगळी दुरुस्ती केली नाही, कारण पीएच ही मुळातच क्रियाशीलतेवर बेतलेली राशी आहे.

पडताळा घ्यायचाय? बफरमध्ये तेवढंच शुद्ध पाणी मिसळा. दोन्ही संहती निम्म्या झाल्या, गुणोत्तर तेच राहिलं, म्हणून साध्या सूत्राप्रमाणे पीएच हलायला नको. प्रत्यक्षात तो सुमारे ०.०८ने वाढतो. आयनांची दाटी विरळ झाली, की पीएच ७.२०च्या दिशेने सरकतो. उलट, मूळ बफरमध्ये मीठ घातलं तर तो आणखी उतरतो. म्हणून दहापट तीव्र साठा करून ठेवला असेल, तर पीएच विरळ केल्यावरच मोजून जुळवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. डेव्हिसचं समीकरण साधारण ०.५ तीव्रतेपर्यंतच भरवशाचं आहे. समुद्राच्या पाण्याची तीव्रता ०.७च्या आसपास असते. तिथे कोणता आयन कोणाशेजारी आहे, हेही हिशेबात धरावं लागतं.