सोने घ्या, पण मोजून घ्या!

मराठीचा प्राध्यापक हा प्राणी दसऱ्याच्या दिवशी फार धोकादायक असतो. आपट्याचे पान हाती आले, की तो रघुवंशावर घसरतो. गेली वीस वर्षे मीही वर्गात कौत्साची कथा सांगत आलो आहे. ती अंगावर कशी उलटते, ते मात्र या दसऱ्याला कळले.

संध्याकाळी मी चिरंजीवांना घेऊन मंडईत गेलो होतो. ओंकार नऊ वर्षांचा. हिशेबात बापापेक्षा पक्का! कोपऱ्यावर एक बाई झेंडूचा ढीग आणि आपट्याच्या जुड्या घेऊन बसली होती. शेजारी तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी पैसे घेत होती. किलोभर झेंडू शंभराचा, पानांची जुडी वीस रुपयांना. मी पाचशेची नोट दिली. गर्दी मागून रेटत होती. मुलीने घाईघाईने नोटा हातावर ठेवल्या आणि आम्ही निघालो.

घराच्या जिन्यात मी नोटा मोजल्या. तीनशे ऐंशीऐवजी चारशे ऐंशी! दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून आल्या होत्या.

"बाबा, शंभर जास्त आलेत," ओंकार म्हणाला.

"राहू दे रे. आता कुठे जायचं पुन्हा त्या गर्दीत? आणि सणासुदीला भाव चढवून हे लोक आपल्याला लुटतातच की!"

माझा युक्तिवाद मला पटला. माणसाला स्वतःचे युक्तिवाद फार लवकर पटतात!

घरी आमचे अण्णा धोतर नेसून, कोचावर मांडी घालून तयार होते. पाटीपूजन सकाळीच आटोपले होते. आता सोने वाटायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी जुडीतले एक पान काढून दिव्यापाशी धरले.

"हा आपटा नव्हे, हा कांचन. आपट्याचं पान लहान असतं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड आणि हाताला खरखरीत. हे बघा, तळहाताएवढं, लांबट आणि मऊ. दोघं एकाच कुळातले, दोघांचीही पानं मधोमध चिरलेली, म्हणून फसगत होते."

"बघा! मी म्हटलं नव्हतं, लुटतात म्हणून?" मी विजयी मुद्रेने ओंकारकडे पाहिले. अण्णांना अर्थातच त्या शंभर रुपयांचा पत्ता नव्हता.

"लुटलं कसलं?" अण्णा हसले. "आपटा तोडून तोडून रानातून कमी झाला. तिला जे मिळालं ते तिनं आणलं. आणि कांचन म्हणजे तरी काय? सोनंच! या बाळांनो."

सई आणि ओंकार पाया पडून समोर बसली. सई सहा वर्षांची. तिने आधीच विचारून ठेवले होते, "आजोबा, रावणाला रामानं मारलं, मग तो दर वर्षी पुन्हा कुठून येतो?"

"म्हणूनच आज रावणाची गोष्ट नाही," अण्णा म्हणाले. "आज अशी गोष्ट सांगतो, की जीत दोघांवर चांगुलपणाची झाली, पण मेलं कुणीच नाही."

आणि त्यांनी कौत्स सुरू केला. मी वर्गात पन्नास मिनिटे घेतो, अण्णांना दहा पुरली.

"कौत्स नावाचा मुलगा वरतंतू ऋषींकडे शिकला. शिकणं संपल्यावर म्हणाला, गुरुजी, दक्षिणा काय देऊ? गुरुजी म्हणाले, तू सेवा केलीस तीच पुष्कळ. पण हा हट्टालाच पेटला. शेवटी गुरुजी रागावले. म्हणाले, चौदा विद्या शिकवल्या ना, मग आण चौदा कोटी! कौत्स गेला रघुराजाकडे. पण राजानं नुकताच मोठा यज्ञ करून सगळं दान केलेलं. पाहुण्याला पाणी द्यायला सोन्याचं भांडं नाही, मातीचं! ते पाहून कौत्स काही न मागताच निघाला. राजानं त्याला थांबवलं. माझ्या दारातून मागणारा रिकामा जायचा नाही, म्हणाला. कुबेरावर स्वारी करायचं ठरवून रात्री रथातच झोपला. सकाळी बघतो तो काय, खजिन्यात सोन्याचा पाऊस!"

"किती कोटी?" ओंकारने विचारले.

"चौदाहून पुष्कळ जास्त. खरी गंमत तर पुढंच आहे. राजा म्हणतो, हे तुझ्यासाठी आलंय, सगळं ने. कौत्स म्हणतो, मला चौदाच हवेत, वर एकही नको. भांडण लागलं! जगात 'मला दे' म्हणून भांडणं होतात, हे 'तू घे' आणि 'मला नको'चं भांडण. आणि अयोध्येचे लोक दोघांचंही कौतुक करीत राहिले."

एरवी मी येथे टीप जोडली असती, की कालिदासाच्या पाचव्या सर्गात हा प्रसंग आहे, पण आपट्याचे झाड नाही. उरलेल्या मोहरा झाडाखाली ओतल्या आणि लोकांनी त्या लुटल्या, ही भर लोककथेची. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण ओंकार माझ्याकडे पाहत होता.

अण्णांनी दोघांच्या हातावर एकेक पान ठेवले. "सोन्यासारखे राहा. आणि बाळांनो, चांगलं जिंकलं हे ओळखायचं कसं, सांगू? सगळं संपल्यावर हरलेलं, रडणारं कुणी उरलं नाही, की समजावं."

ओंकार माझ्या कानाशी आला. "बाबा, आपले तीनशे ऐंशीच होते."

प्राध्यापकाकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असते. या वाक्याला नव्हते. मी चपला पायात घातल्या.

मंडईत आता शुकशुकाट झाला होता. बाई उरलेला झेंडू पोत्यात भरत होती. मुलगी पाठ फिरवून बसली होती. मी शंभराची नोट पुढे केली, काय झाले ते सांगितले. बाई नोटेकडे पाहतच राहिली.

"अवो दादा, दोन डाव मोजलं, शंभर कमीच! म्या हिलाच बोलले. म्हनलं, खाल्लंस का काय? एक ठेवून बी दिली."

मुलगी वळली. डोळे रडून सुजलेले होते. माझ्या जिन्यातल्या त्या चतुर युक्तिवादात हे पोर कुठेच नव्हते. मी फक्त गर्दीचा आणि भावाचा विचार केला होता.

"चूक माझी होती, बाळ. मला तेव्हाच समजलं होतं," मी म्हणालो. हे वाक्य तिच्या आईने ऐकणे आवश्यक होते, आणि माझ्या मुलानेही.

बाईने लेकीला जवळ ओढले. मग ती मूठभर झेंडू ओंकारला देऊ लागली. तो म्हणाला, "नको, आमचा एक किलो झालाय." ती म्हणाली, "घे रं, सनाचं हाय." "नको." "घे!"

मला हसू आवरेना. रघू आणि कौत्स मंडईच्या कोपऱ्यावर भांडत होते! शेवटी ओंकारने खिशातले कांचनाचे पान काढून त्या मुलीला दिले आणि झेंडूचे एक फूल घेतले.

घरी आलो तेव्हा अण्णा जागेच होते. मी सगळे सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. जुडीतले एक पान काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. या वर्षी माझे सोने घ्यायचे राहिलेच होते.