नफा आणि रोकड यांतील अंतर : उपार्जन लेखांकनाचा एक विचार

पनवेलजवळील तळोजा औद्योगिक वसाहतीत सुटे भाग तयार करणारा एक काल्पनिक कारखाना विचारात घेऊ. त्याने २५ मार्च रोजी १० लाख रुपयांचा माल ४५ दिवसांच्या उधारीवर पाठविला. वस्तू व सेवा कर १८ टक्के धरल्यास बीजक ११.८० लाखांचे होते. कच्च्या मालाचे ५ लाख, त्यावरील कराचे ९० हजार आणि मजुरीचे २ लाख रुपये मार्चमध्येच रोख दिले गेले.

रोख पद्धतीनुसार ३१ मार्च रोजी केवळ ७.९० लाखांचा खर्च दिसतो. उपार्जन पद्धतीत मात्र मालाची मालकी ग्राहकाकडे जाताच उत्पन्न झाले असे मानतात. ग्राहक ऋणको म्हणून ताळेबंदात येतो आणि ३ लाखांचा नफा दिसतो. कंपनी कायदा २०१३, कलम १२८ अन्वये कंपन्यांना हीच पद्धती बंधनकारक आहे.

खरी अडचण एप्रिलमध्ये उद्भवते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास खरेदीवरील कर वजा जाता उरलेले ९० हजार २० तारखेपर्यंत भरावे लागतात, मग ग्राहकाने दमडीही दिलेली नसो. मे महिन्यात ११.८० लाख आले, की एकूण ८.८० लाख वजा जाऊन तेच ३ लाख हाती उरतात. पद्धतींत फरक काळाचा आहे, रकमेचा नाही. अर्थात पैसे आले तर. विक्रीपेक्षा ऋणकोंची बाकी वेगाने वाढू लागली, तर त्या नफ्यातून संशयित कर्जाची तरतूद वेळीच वजा करणे इष्ट ठरते.