मटार हिरवे का राहत नाहीत?

हिवाळ्याची चाहूल लागली की नागपूरच्या भाजीबाजाराचा रंग बदलतो. जबलपूर आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांत पिकणारा मटार सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचे अंतर तोडून कळमना बाजारात उतरतो आणि मग लकडगंज, इतवारीकडच्या हातगाड्यांवर शेंगांचे ढीग दिसू लागतात. आरा मशीन आणि लाकडाच्या वखारींच्या या वस्तीत वैदर्भीय, हिंदी भाषक आणि लाकडाच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेली कच्छी-गुजराती घरे शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे एकाच गाडीवरून घेतलेल्या शेंगांचे दाणे एका घरी आलू-मटरच्या रश्शात, दुसऱ्या घरी मटारभातात, तर तिसऱ्या घरी संक्रांतीच्या उंधियोत पडतात. पदार्थ वेगळे, तक्रार मात्र एकच असते. सोलताना पोपटी दिसणारा आणि कच्चा खाल्ला तर साखरेसारखा लागणारा दाणा ताटात येईपर्यंत शेवाळी आणि पिठूळ का होतो?

याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते, कारण मटाराची गोडी आणि मटाराचा रंग हे दोन्ही एकाच जागी हरवत नाहीत. गोडी बरीचशी स्वयंपाकघरात येण्यापूर्वीच गेलेली असते. शेंग वेलीवरून तुटली तरी तिच्यातला दाणा जिवंतच असतो. तो स्वतःतली साखर काही प्रमाणात श्वसनासाठी खर्च करतो आणि उरलेल्या साखरेतून पिष्ट, म्हणजे स्टार्च तयार करत राहतो. उष्णतेत हा बदल झपाट्याने होतो, थंडीत मंदावतो. म्हणूनच शेतात गोड लागलेली शेंग ट्रकमधून, बाजारातून आणि दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवरून घरी येईपर्यंत बेचव होऊ शकते. एकदा स्टार्च झालेली साखर भाजीत चिमूटभर साखर घालून परत येत नाही. त्या चिमटीने चव थोडी सावरते एवढेच.

तेव्हा पहिली काळजी खरेदीची. शेंग हिरवीगार, तुकतुकीत आणि मोडताना कट्कन आवाज करणारी असावी. पिवळसर, पांढुरक्या जाळीची, दाण्यांनी टच्च फुगून कडक झालेली शेंग जून समजावी. पण खरी परीक्षा जिभेचीच. दोन-तीन शेंगांतले दाणे कच्चेच चावून पाहावेत आणि ते पिठूळ लागले तर गाडी बदलावी. घरी आणलेल्या शेंगा लगेच सोलायच्या नसतील तर ओट्यावर टोपलीत न ठेवता पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि एक-दोन दिवसांत संपवाव्यात. सोललेले दाणे रात्रभर उघड्यावर ठेवणे तर टाळावेच. एक किलो शेंगांतून साधारण निम्म्याहून थोडे कमी दाणे निघतात, हे धरून खरेदी केली तर उरण्याचा प्रश्नही फारसा येत नाही.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो चुलीवरच जातो. मटाराचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि त्या द्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आम्लता एकत्र आली की हा मॅग्नेशियम बाहेर पडतो, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि झळझळीत हिरव्याऐवजी मळकट शेवाळी रंग उरतो. आम्ल बाहेरूनच यायला हवे असे नाही. दाण्यांच्या पेशींत ते थोडेफार असतेच आणि पेशी शिजून फुटल्या की ते हरितद्रव्यापर्यंत पोहोचते. म्हणून उकळत्या पाण्यात टाकल्यावर पहिल्या मिनिटात मटार अधिकच हिरवे दिसतात (पेशींमधली हवा निघून जाते, म्हणून) आणि पुढे पाच-सात मिनिटांनी तेच दाणे फिके, मग करडे पडू लागतात. झाकण ठेवले तर वाफेबरोबर उडून जाऊ शकणारी आम्लेही पातेल्यातच राहतात आणि टोमॅटो, चिंच किंवा दही असेल तर काम आणखी लवकर होते.

आता नेहमीच्या आलू-मटरचे काय होते ते पाहावे. कांदा परतला, टोमॅटो घातला, बटाटे आणि मटार एकदमच टाकले, पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या. बटाट्याला तेवढा वेळ लागतो, मटाराला लागत नाही. कोवळा ताजा दाणा उघड्या भांड्यात तीन ते पाच मिनिटांत शिजतो. कुकरमध्ये तो बंद झाकणाखाली, टोमॅटोच्या आंबट पाण्यात, शंभर अंशांहून अधिक तापमानात गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ राहतो. रंग जाण्यासाठी लागणारे सारे काही तिथे एकत्र जमलेले असते आणि दाण्यातली साखरही रश्शात उतरलेली असते.

हीच भाजी चार माणसांसाठी अशी करता येते. अर्धा किलो शेंगा सोलून घ्याव्यात. तीन मध्यम बटाट्यांच्या फोडी फोडणीत परतून, मीठ आणि पाणी घालून आधी जवळजवळ शिजवून घ्याव्यात. टोमॅटो त्यानंतर घालावा, कारण आंबट रसात बटाटाही लवकर मऊ होत नाही. टोमॅटो विरघळून तेल सुटेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर एका पसरट पातेल्यात दोन-तीन वाट्या पाणी खळखळून उकळावे, त्यात मटार टाकावेत आणि झाकण न ठेवता तीन मिनिटे मोजावीत. एक दाणा चावून पाहावा. साल सहज तुटली आणि आतला भाग मऊ पण घट्ट लागला की मटार तयार झाले. ते निथळून रश्शात घालावेत, एक उकळी येऊ द्यावी आणि शेगडी बंद करावी. वरून कोथिंबीर, म्हणजे नागपुरी बोलीतला सांबार. मटार उकळलेल्या पाण्यात थोडी गोडी उतरलेली असते, ते ओतून न देता रश्शालाच वापरावे. दोन शेगड्या अडवायच्या नसतील तर कोवळे दाणे शेवटच्या पाच मिनिटांत थेट रश्शात टाकून झाकण उघडे ठेवावे. रंग थोडा उतरेल, पण कुकरइतका नाही.

मटारभाताचेही तेच तत्त्व. उघड्या पातेल्यात भात शिजत असेल तर पाणी आटत आल्यावर, शेवटची चार-पाच मिनिटे उरली असताना मटार वर पसरावेत. कुकरचा भात असेल तर मटार वेगळे उकळून, कुकर उघडल्यावर हलक्या हाताने मिसळावेत. पोह्यांत मात्र लिंबाची गोष्ट लक्षात ठेवावी. ते कढईत न पिळता ताटलीत पिळावे. आम्लाला उष्णतेची साथ मिळाली नाही तर ते रंगाला लवकर धक्का लावत नाही.

सोड्याचा प्रश्न येथे येतोच. उंधियोसारख्या पदार्थात पापडी आणि दाणे हिरवे राहावेत म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालण्याची पद्धत आहे आणि रंगापुरती ती खरी ठरते, कारण सोडा आम्लता मारतो. पण त्याची किंमत द्यावी लागते. साल मऊ पडून दाणा बुळबुळीत होतो, चवीला साबणाची झाक येते आणि क जीवनसत्त्व व थायामिन यांचा नाश वाढतो. पाच मिनिटांच्या कामासाठी ही किंमत जास्तच आहे. जुन्या काळी युरोपात मटाराला तांब्याने हिरवा रंग आणत, कारण मॅग्नेशियमची जागा तांब्याने घेतली की रंग पक्का बसतो. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नये, याचे कारणही हेच तांबे पदार्थात उतरते हे आहे.

फ्रोझन मटाराबाबत सर्वांत मोठा गैरसमज हा की तो कच्चा असतो. तसे नसते. गोठवण्यापूर्वी हे दाणे थोडा वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात, कारण तसे केले नाही तर दाण्यातली विकरे गोठवल्यानंतरही हळूहळू चव आणि रंग बिघडवत राहतात. म्हणजे पाकिटातला मटार अर्ध्याहून अधिक शिजलेलाच आहे. त्याला ताज्याच्या वेळेइतके शिजवले की तो गळतो, साल सुटते आणि रंग उडतो. तो बाहेर काढून वितळत ठेवण्याचीही गरज नाही. गोठलेलाच, भाजी पूर्ण तयार झाल्यावर घालावा आणि रस्सा पुन्हा उकळल्यानंतर दोन मिनिटांत थांबावे. कुकरच्या भातात झाकण उघडल्याबरोबर मिसळून, गॅस बंद ठेवून पाच मिनिटे पुन्हा झाकले तरी भाताच्या वाफेवर तो पुरेसा गरम होतो. हंगाम सरल्यावर बाजारात आलेल्या जून शेंगांपेक्षा चांगला फ्रोझन मटार अनेकदा गोड असतो, कारण तो तोडल्यानंतर थोड्याच तासांत गोठवलेला असतो.

पाकीट हाताने चाचपून घ्यावे. दाणे सुटे सुटे लागले पाहिजेत. आत एकच गोळा किंवा बर्फाचा जाड थर जाणवला तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत दुकानापासून घरापर्यंतचा रस्ताही पुरेसा होतो, म्हणून हे पाकीट खरेदीत सर्वांत शेवटी उचलावे.

जानेवारीत भाव उतरल्यावर दहा-दहा किलो शेंगा आणून वर्षभरासाठी साठवणाऱ्या घरांत वर्षाअखेरीस मटाराला गवताचा वास येतो, तो बहुधा कच्चेच दाणे पिशवीत भरल्यामुळे. त्यासाठी मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळावे आणि एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त दाणे टाकू नयेत, नाहीतर पाणी निवून वेळ लांबते. दीड मिनिटात दाणे झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात घालावेत. यामुळे शिजणे थांबते आणि साल सुरकुतत नाही. मग सुती कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एकेरी पसरून गोठवावेत आणि कडक झाल्यावरच पिशव्यांत, हवा काढून भरावेत. पिशवी एका वेळच्या भाजीपुरतीच असावी.

सोललेले दाणे विकत घेताना आणखी एक सावधगिरी हवी. वाळलेले हिरवे वाटाणे भिजवून, रंग लावून ताजे म्हणून विकले जाऊ शकतात. काचेच्या पेल्यात पाण्यात थोडे दाणे टाकून अर्धा तास ठेवावेत. पाणी हिरवे झाले तर ते टाकून द्यावेत. आणि शेंगा सोलताना त्यांत जून दाणे निघालेच, तर त्यांना रश्शात हिरवे ठेवण्याचा हट्ट धरू नये. ते आठ-दहा मिनिटे उकळून, आले-मिरचीबरोबर वाटून करंज्यांच्या सारणात घालावेत. तिथे पिठूळपणाच उपयोगी पडतो.